सुरगाण्याचा धक्का आणि न सापडलेली सीमा: अकरावीच्या भूगोल वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला भूगोल शिकवते. वर्गातली निम्मी मुलं शहरातली. बाकीची पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या भागांतून आलेली, बहुतेक वसतिगृहात राहणारी. हे सांगायला हवं, कारण हे प्रकरण उभं राहिलं ते मुलं कुठून आली त्यामुळेच. पेठ-सुरगाणा-कळवणच्या पट्ट्यात अधूनमधून जमिनीला सौम्य धक्के बसतात. पत्रे खडखडतात, लोक रात्री बाहेर येऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या भूकंपमापकावर नोंद झाल्याची बातमी येते. शहरातल्या मुलांना भूकंप पुस्तकातून माहीत असतो, या मुलांना पायाखालून.

भूपट्टांचं, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांचं प्रकरण मी नेहमीच्या क्रमाने शिकवलं होतं. आधी खंडांच्या किनाऱ्यांचं साम्य, मग सागरतळाचं पसरणं आणि शेवटी सीमांचे तीन प्रकार: दूर जाणारी, एकत्र येणारी आणि एकमेकींना घासत जाणारी. जगाचा नकाशा लावला, त्यावर भूकंपांचे ठिपके दाखवले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "भूकंप आणि पर्वत भूपट्टांच्या सीमांवर आढळतात." या एका वाक्याने पुढचा सगळा गुंता केला.

अडचण

घटक चाचणीत प्रश्न होता, "वली पर्वतांची निर्मिती उदाहरणासह स्पष्ट करा." थरांना घड्या पडून उठलेल्या या पर्वतांचं उदाहरण म्हणून हिमालय येणार हे गृहीत होतं. बऱ्याच उत्तरांत हिमालयाच्या खाली सह्याद्रीही आला. तेवढंच असतं तर चुकीवर खूण करून पुढे गेले असते. पण सुरगाण्याच्या एका मुलीने उत्तराच्या शेवटी स्वतःच्या मनाने चार ओळी जोडल्या होत्या. त्यांचा आशय असा: आमच्याकडे धक्के बसतात, आमच्याकडे डोंगरही उंच आहेत, म्हणजे आमच्या भागाखालून भूपट्टांची सीमा जात असणार आणि ते डोंगर अजून वर येत असणार.

मी ती ओळ कापली नाही. लाल पेन बाजूला ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले, कारण मी फळ्यावर लिहिलेल्या वाक्यावरून असंच अनुमान निघतं. सीमांवर भूकंप होतात, इथे भूकंप होतात, म्हणून इथे सीमा आहे. वाक्य उलट फिरवलं की ते खरं राहत नाही, हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. उलट, भूकंपांचे ठिपके हाच सीमांचा पुरावा म्हणून दाखवला होता. मग तिच्या गावचा ठिपका पुरावा का नाही, याचं उत्तर माझ्या शिकवण्यात नव्हतं.

वर्गात मी तिला विचारलं, "अगं, तुझ्या मते ही सीमा कुठून कुठे जाते?" ती म्हणाली, "मॅडम, ते नाही माहीत. पण धक्के तर खरेच बसतात ना?" मागच्या बाकावरून एकाने आवाज दिला, "किल्लारी, कोयना पण आहे मॅडम. सगळी एकच लाइन असेल." आणि वर्गाला ते पटलंसुद्धा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त होता: एका तासात दुरुस्ती सांगायची. सह्याद्री वली पर्वत नाही, तो लाव्हाच्या थरांचा आहे, नाशिक भूपट्टाच्या आत आहे, लिहून घ्या. परीक्षेपुरतं ते पुरलं असतं. पण मुलांच्या हाती फक्त नवं वाक्य आलं असतं. जुनं वाक्य खोटं का ठरलं, हे तसंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय चलतचित्रांचा. दोन भूपट्ट आदळतात आणि मधून पर्वत उठतो, असे ॲनिमेशन भरपूर मिळतात. मला त्यांची भीती वाटते, ती वेगळ्या कारणाने. त्यात निष्कर्ष आधीच रंगवलेला असतो. भूपट्ट खाली शिरताना स्पष्ट दिसतो, जणू कोणी तिथे कॅमेरा नेऊन ठेवला होता. तो खाली शिरतो हे माणसाला कळलं कसं, हा खरा भूगोल त्यातून गळून जातो.

टॉवेलला दोन्ही बाजूंनी ढकलून घड्या पाडणं, हा प्रयोग मी दरवर्षी करते. तो हिमालयासाठी बरा आहे, पण सह्याद्री हिमालयासारखा नाही हे त्यातून कसं दिसणार?

राहिला चौथा पर्याय, सगळ्यात वेळखाऊ. भूकंपांच्या खऱ्या नोंदी घ्यायच्या आणि ते कुठे झाले यापेक्षा किती खोल झाले हे मुलांना स्वतः आलेखावर मांडू द्यायचं. जगाच्या नकाशावर सगळे ठिपके सारखेच दिसतात. जपानचा ठिपका आणि किल्लारीचा ठिपका यांत काही फरक कळत नाही. खोली घेतली की फरक दिसतो. त्यासाठी तीन तास आणि एक शनिवार लागणार होता, आणि अभ्यासक्रम आधीच मागे होता. तरी हाच घ्यायचा ठरवला. पुढची दोन प्रकरणं थोडी आटोपती घेईन, असं विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण खूश नव्हते.

पहिला टप्पा: जपानचा उभा छेद

तिन्ही प्रकारच्या सीमा घ्याव्यात असं आधी मनात होतं. मग फक्त दोनच पट्टे घेतले, जपान आणि नेपाळ. दोन्हीकडे भूपट्ट एकत्रच येतात, म्हणजे सीमेचा प्रकार पुस्तकाप्रमाणे एकच. तरीही दोन चित्रं सारखी येत नाहीत, आणि सगळा मुद्दा त्या फरकात आहे.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या सूचीतून नोंदी घरी उतरवून घेतल्या. जपानसाठी हा पत्ता वापरला:

```
https://earthquake.usgs.gov/fdsnws/event/1/query?format=csv&starttime=1990-01-01&endtime=2010-12-31&minmagnitude=5.5&minlatitude=38&maxlatitude=44&minlongitude=130&maxlongitude=146
```

कालावधी 2010 अखेर थांबवला तो मुद्दाम. 11 मार्च 2011 च्या तोहोकूच्या महाभूकंपानंतर इतके पश्चात धक्के बसले की त्यांच्या ठिपक्यांनी किनाऱ्याजवळचा भाग काळा झाला असता आणि खोलवरचे मोजके ठिपके डोळ्यांत भरले नसते. ते का वगळले, हे वर्गाला सांगितलं.

सूचीतले दोनच रकाने लागतात, `longitude` आणि `depth`. 40 अंश उत्तर अक्षांशावर रेखावृत्ताचा एक अंश सुमारे 85 किलोमीटरचा. जपानच्या पूर्वेची सागरी गर्ता 144 अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास आहे, तिथे शून्य धरलं. मग प्रत्येक भूकंप गर्तेपासून किती पश्चिमेला आहे ते अंशांतून किलोमीटरमध्ये काढायचं आणि आडव्या अक्षावर मांडायचं. उभ्या अक्षावर खोली, खाली वाढत जाणारी. प्रत्येक गटाला सूचीचा एक तुकडा दिला.

पहिली चूक इथेच झाली, आणि ती माझी होती. अक्षांचं प्रमाण ठरवून दिलं नाही. मुलांनी आलेखाचा कागद पुरेपूर वापरायचा म्हणून आडवं प्रमाण लहान आणि उभं मोठं घेतलं. परिणामी भूकंपांची रांग जवळजवळ उभी कोसळताना दिसायला लागली. "मॅडम, हा भूपट्ट तर विहिरीत पडल्यासारखा सरळ खाली जातोय," एकजण म्हणाला. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, प्रमाण चुकलं होतं. दोन्ही अक्षांवर 1 सेंटीमीटर म्हणजे 50 किलोमीटर असं ठरवून पुन्हा काढायला लावलं. कुरकुर झाली, पण कोन खरा हवा असेल तर दुसरा उपाय नाही.

दुसऱ्यांदा चित्र आलं ते असं. गर्तेजवळ भूकंप उथळ. पश्चिमेला 270 ते 300 किलोमीटर गेल्यावर, म्हणजे होन्शू बेटाच्या ज्वालामुखींच्या रांगेखाली, ते सुमारे 100 किलोमीटर खोल. पुढे जपानच्या समुद्राखालून आणखी पश्चिमेला गेलं की खोली वाढतच जाते, आणि रशिया-चीन सीमेजवळ, गर्तेपासून साधारण 1100 किलोमीटरवर, 500 किलोमीटरच्याही खाली ठिपके सापडतात. कोनमापक लावून मुलांनी सुरुवातीचा उतार 20 अंशांच्या आसपास मोजला आणि पुढचा 30 च्या जवळ. पट्टा रुंद घेतल्यामुळे ठिपके थोडे पसरले होते, कारण उत्तरेकडे गर्ता वळते. पण तिरकी रांग लपत नव्हती.

हे चित्र जपानी भूकंपतज्ज्ञ कियो वादाती यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत मांडायला घेतलं, तेव्हा भूपट्ट हा शब्दही भूगोलात नव्हता. पुढे अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी इतर गर्तांजवळ तसेच तिरके पट्टे दाखवले. त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो मी वर्गापुढे ठेवला. 500 किलोमीटर खोलीवर खडक इतका गरम असायला हवा की तो तडकणार नाही, सावकाश वाहील. मग तिथे भूकंप होतोच कसा?

बराच वेळ शांतता. मग पहिल्याच बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिथला खडक गार असेल." मी विचारलं, गार कसा राहील? "वरून नुकताच आला असेल तर." फ्रीजमधून काढलेला गोळा गरम पाण्यात टाकला तरी आतून बराच वेळ गार राहतो, हे तिचं उदाहरण. थंड सागरी भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर वेगाने खाली सरकतो, त्याला आतपर्यंत तापायला कोट्यवधी वर्षं लागतात, आणि तोवर तो शेकडो किलोमीटर खाली पोहोचलेला असतो. इतक्या खोलीवर खडक नेमका कसा तुटतो याचं कारण साध्या तडकण्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, तिथे प्रचंड दाबाखाली खनिजांची रचनाही बदलते. पण थंड पट्ट्याशिवाय तिथे भूकंप नाही, एवढं पक्कं. 700 किलोमीटरच्या खाली भूकंप जवळपास मिळतच नाहीत.

निर्णयाची जागा: 33 किलोमीटरवरची सरळ रेघ

दुसऱ्या तासाला एका गटाने विजयी चेहऱ्याने आलेख आणला. "मॅडम, 33 किलोमीटरवर एक थर आहे. बघा ना, किती भूकंप बरोब्बर तिथेच झालेत." खरंच, कागदावर 33 च्या पातळीवर ठिपक्यांची पट्टी मारल्यासारखी ओळ होती, आणि दुसरी, फिकी, 10 वर.

ते ठिपके गुपचूप काढून टाकले असते तर आलेख स्वच्छ झाला असता आणि वेळ वाचला असता. मनात तो विचार येऊन गेला. पण पुरावा शिकवायचा म्हटल्यावर पुरावा कुठे पोकळ आहे ते दाखवायला हवंच, म्हणून तो तास त्यावरच घालवला.

भूकंपाची खोली कोणी दोरी टाकून मोजत नाही. वेगवेगळ्या केंद्रांवर लहरी कधी पोहोचल्या, त्या वेळांवरून ती काढतात. उथळ भूकंपाच्या जवळ केंद्र नसेल तर खोली आणि भूकंपाची नेमकी वेळ यांची अदलाबदल होऊ शकते: थोडा खोल आणि थोडा नंतर झाला म्हटलं काय, किंवा थोडा वर आणि थोडा आधी, दूरच्या केंद्रांना जवळजवळ सारखंच दिसतं. अशा वेळी सूची करणारे खोलीसाठी एक ठरलेला आकडा बसवतात. जुन्या नोंदींत तो पुष्कळदा 33 असतो, नंतरच्या नोंदींत 10. म्हणजे तो आकडा "उथळ आहे, नक्की किती ते कळलं नाही" असं सांगतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. निसर्ग एकाच पूर्ण आकड्यावर शंभर वेळा येत नाही. नेमका 10 किंवा 33 पुन्हा पुन्हा दिसला की समजावं, तो माणसाने बसवला आहे. आम्ही ते ठिपके ठेवले, फक्त पोकळ वर्तुळांनी काढले. भरीव ठिपके मोजलेले, पोकळ ठिपके मानलेले. गंमत अशी की यानंतर मुलं प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघायला लागली, आणि मला ते फार आवडलं.

दुसरा टप्पा: नेपाळचा छेद

80 ते 88 अंश पूर्व आणि 26 ते 36 अंश उत्तर असा पट्टा. यात 25 एप्रिल 2015 चा गोरखा भूकंप आला, तीव्रता 7.8, खोली 20 किलोमीटरपेक्षा कमी. आलेख तयार झाला तेव्हा मुलं बुचकळ्यात पडली. तिरकी रांग नाहीच. सगळी गर्दी वरच्या थरात, बहुतेक पोकळ वर्तुळं, खाली तुरळक ठिपके, आणि 100 किलोमीटरच्या खाली जवळपास रिकामं.

इथे दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी लावले. दोन्हीकडे भूपट्ट आदळतात, मग एकीकडे 500 किलोमीटर खोल आणि दुसरीकडे नाही, असं का? उत्तर वजनात आहे. जपानखाली शिरणारा भूपट्ट सागरी, जुना, थंड आणि जड. तो आपल्याच वजनाने बुडतो. हिमालयाखाली ढकलला जाणारा भारताचा भाग खंडीय, हलक्या खडकाचा. लाकूड पाण्यात कितीही दाबलं तरी तळाला बसत नाही, तसा तो भूकवचाखालच्या प्रावरणात बुडत नाही. भारत उत्तरेकडे सरकायचा थांबलेला नाही, पण खाली जाता येत नाही. मग जागा होते ती आडव्या तुकड्यांवर तुकडे चढून आणि थरांना घड्या पडून. तिबेटखाली भूकवच सुमारे 70 किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या खंडापेक्षा जवळपास दुप्पट. वली पर्वत असा उभा राहतो. आणि जपानसारखी ज्वालामुखींची रांग हिमालयात का नाही, तेही याच चित्रातून सुटतं: पाणी धरून असलेला सागरी पट्टा 100 किलोमीटर खोल जाऊन वरचा खडक वितळवायला मदत करतो, तो पट्टाच इथे आता खाली जात नाही.

तिसरा टप्पा: मग सुरगाण्याचं काय?

आता तिच्या प्रश्नाकडे येता येणार होतं. महाराष्ट्राच्या नकाशावर आम्ही ठळक ठिपके मांडले. कोयना, 11 डिसेंबर 1967, तीव्रता 6.3. किल्लारी, 30 सप्टेंबर 1993, तीव्रता 6.2. नोव्हेंबर 2018 पासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात सुरू झालेली धक्क्यांची मालिका. आणि मुलांनी आपापल्या गावांजवळच्या खुणा केल्या.

"जोडा आता सीमा," मी म्हटलं. रेषा जमेना. ठिपके विखुरलेले, सगळे उथळ, खोलीत कुठेच तिरका उतार नाही. मग खऱ्या सीमा किती दूर आहेत ते पट्टीने मोजलं. हिमालयाचा पायथा नाशिकपासून सुमारे 1200 किलोमीटर. अरबी समुद्रात नैर्ऋत्येला असलेली कार्ल्सबर्ग ही समुद्राखालची पर्वतरांग, जिथे भूपट्ट दूर जातात, ती सुमारे 2000 किलोमीटर. आपण भूपट्टाच्या पोटात आहोत.

पोटात भूकंप होतो याचं कारण भूपट्ट एकसंध फळीसारखा असला तरी त्यात जुन्या भेगा आहेत. हिमालयाशी होणाऱ्या रेटारेटीचा ताण पूर्ण फळीभर पसरतो आणि कमकुवत जागी सुटतो. कोयनेत धरणाच्या पाण्याने आधीच ताणाखाली असलेल्या भेगा सरकायला निमित्त मिळालं, हे जगभर अभ्यासलेलं उदाहरण आहे. किल्लारीच्या कारणांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, तेही वर्गाला तसंच सांगितलं. सुरगाण्याची मुलगी म्हणाली, "म्हणजे धक्का खरा, सीमा खोटी." मी ते तिच्या शब्दांत फळ्यावर लिहिलं.

शनिवार: पांडवलेणीचा डोंगर

भूकंपांचं झालं, डोंगरांचं राहिलं होतं. त्यासाठी त्रिरश्मी डोंगरावर गेलो, म्हणजे पांडवलेणी जिथे आहेत तो. वर चढताना मुलांना एकच काम दिलं: घडी शोधा. वली पर्वत असेल तर थर कुठेतरी वाकलेला, कललेला दिसायला हवा.

वाकलेला थर एकही मिळाला नाही. काळ्या पाषाणाचा जाड, घट्ट थर, त्याच्या माथ्याकडे भोकाभोकांचा खडक, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि त्यावर पुन्हा नवा थर. लाव्हा वाहून थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर जातात आणि माथ्याजवळ अडकतात, म्हणून भोकं सापडली की एक थर संपला असं धरायचं. त्या भोकांत पुढे पांढरी खनिजं भरली. नाशिक परिसरातल्या अशा खनिजांना संग्राहकांत मोठी मागणी आहे. वर पोहोचल्यावर समोरच्या डोंगरांकडे बघायला सांगितलं. त्यांच्या अंगावरच्या आडव्या पायऱ्या लांबूनही दिसतात. डोंगर वेगळे, पण थर आडवेच. मधला भाग पाण्याने कोरून नेला, उरलं ते डोंगर. सह्याद्री घड्या पडून उठलेला नाही, तो थरांची चळत झिजून उरलेला आहे.

एका मुलाने इथे चांगला अडथळा आणला. "मग मॅडम, भूपट्टांचा आणि सह्याद्रीचा काहीच संबंध नाही?" संबंध आहे, पण वेगळ्या सीमेचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि त्यानंतर लवकरच सेशेल्सचा तुकडा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून फुटून दूर गेला. कोकणाकडे कोसळणारा सह्याद्रीचा कडा त्या फाटलेल्या कडेची आठवण आहे, झीज होऊन आज आत सरकलेली. म्हणजे त्या मुलीने सीमा चुकीच्या काळात आणि चुकीच्या प्रकारात धरली होती.

हातातला दगड काय सांगतो

डोंगरावरून येताना एकाने ताज्या तुटलेल्या काळ्या दगडाजवळ होकायंत्र नेलं. सुई किंचित हलली. याची तयारी मी केली नव्हती, पण नंतर ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या सरांना बोलावून सोमवारचा तास त्यावर घेतला.

या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लोहाची चुंबकीय खनिजं असतात. लाव्हा थंड होताना ती त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. क्षेत्राच्या रेषा विषुववृत्तावर आडव्या असतात आणि ध्रुवाकडे जाताना जमिनीत अधिकाधिक कलतात. हा कल आणि अक्षांश यांचं नातं असं:

```
tan(कल) = 2 × tan(अक्षांश)
```

नाशिक आज 20 अंश उत्तरेला. हिशेबाने कल सुमारे 36 अंश यायला हवा, आणि सुईचं उत्तर टोक खाली. दख्खनच्या खडकांत मात्र कल सरासरी 45 अंशांच्या आसपास मिळतो, आणि उत्तरेकडचं टोक वर असतं. उत्तरेकडचं टोक वर म्हणजे दक्षिण गोलार्ध. पृथ्वीचं क्षेत्र त्या काळात उलटसुलट झालं तरी ही खूण बदलत नाही, कारण पूर्ण बाण उलटतो आणि उत्तरेकडचं टोक वरच राहतं. 45 अंशांचा टॅन 1, त्याचा निम्मा 0.5, म्हणजे अक्षांश सुमारे 27 अंश दक्षिण. 1950 च्या दशकात लंडनच्या क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांवर अशी मापं घेऊन भारत दक्षिणेतून आल्याचं दाखवलं, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेकांना मान्य नव्हतं.

मुलांनी पुढचा हिशेब स्वतः केला. 27 दक्षिण ते 20 उत्तर म्हणजे 47 अंश. प्रत्येक अंश 111 किलोमीटर, म्हणजे सुमारे 5200 किलोमीटर. 6.6 कोटी वर्षांनी भागलं की वर्षाला सरासरी 8 सेंटीमीटरच्या जवळपास. आजची उपग्रहीय मापं भारताचा वेग 5 सेंटीमीटरच्या आसपास देतात. "सरासरी जास्त कशी?" हा प्रश्न मी विचारण्याआधी आला. आधी भारत याहून बराच वेगाने धावत होता, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि मंदावला. तीच धडक नेपाळच्या आलेखात वरच्या थरात गर्दी करून होती.

होकायंत्राबद्दल एक खबरदारी. हातातल्या दगडाने सुई हलली म्हणून जुनी दिशा सापडली असं नव्हे. दगड कुठल्या दिशेला बसला होता ते खुणा करून घेतलेलं नसतं, आजच्या क्षेत्राचा परिणाम त्यात मिसळलेला असतो, आणि डोंगरमाथ्यावर वीज पडलेली असेल तर मूळ खूण पुसलेली असते. प्रयोगशाळेत हे नंतरचे थर टप्प्याटप्प्याने काढून टाकतात. आमची सुई फक्त एवढंच सांगत होती की दगडात चुंबकत्व आहे.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत सह्याद्री वली पर्वत म्हणून क्वचितच आला. त्याहून मोलाचं मला हे वाटलं की मुलं "सीमा आहे" म्हणताना कारण देऊ लागली: रांग आहे का, खोली वाढते का, थर वाकलेत का. सुरगाण्याच्या मुलीने लिहिलं की गावच्या धक्क्यांनी सीमा सिद्ध होत नाही, त्यासाठी खोलीचा छेद हवा, आणि गावाजवळच्या डोंगरात थर आडवे आहेत हे तिने सुट्टीत जाऊन पाहिलं. सगळ्यांना हे जमलं नाही. काहींनी "उथळ भूकंप म्हणजे भूपट्टाच्या आत" असं नवं उलटं वाक्य तयार केलं. ते चूक आहे, कारण सागरी रांगांवरचे आणि घासत जाणाऱ्या सीमांवरचे भूकंपही उथळच असतात. तिथे सीमा ओळखायची ती ठिपक्यांच्या अरुंद, लांबलचक रांगेवरून.

आता करायचं झालं तर

ही नवी चूक तिसरा छेद वगळल्याने झाली. अटलांटिकच्या मधल्या रांगेचा एक पट्टा घ्यायला एक तास पुरला असता, आणि "उथळ पण रांगेत" हे मुलांनी स्वतः पाहिलं असतं. तेव्हा वेळ वाचवला, तो पुढे तपासणीत गेला. आलेखाचं प्रमाणही आता पहिल्या मिनिटाला ठरवून देईन.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. नेपाळचा पट्टा मी 80 अंशांवर कापला, कारण पश्चिमेला गेलं की चित्र बिघडतं हे मला माहीत होतं. अफगाणिस्तानच्या हिंदुकुशात 200 किलोमीटर खोल भूकंप होतात. 26 ऑक्टोबर 2015 चा 7.5 तीव्रतेचा भूकंप असाच होता, दिल्लीपर्यंत जाणवला. समुद्र नाही, गर्ता नाही, आणि माझ्या नियमाप्रमाणे तिथे इतक्या खोलीवर काही असायला नको. शेवटच्या तासाला एका मुलाने घरून मोबाइलवर शोधून तो ठिपका आणलाच आणि विचारलं, "हा कुठे बसवू?" तिथे बुडालेल्या पट्ट्याचा एक जवळजवळ उभा तुकडा अजून लटकलेला आहे आणि तो ताणला जाऊन तुटतो आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. मी ते तोंडी सांगितलं. नेपाळच्या आलेखाचा कागद 150 किलोमीटरवर संपत होता, म्हणून त्याने खाली दुसरा कागद चिकटवला आणि ठिपका त्यावर काढला. यंदा मी पट्टा 68 अंश पूर्वेपासून आणि 38 अंश उत्तरेपर्यंत घेणार आहे.